काउंटर ऑफर घेतली, आता रिक्रूटरला कसं सांगायचं?

राजीनामा दिला, नव्या कंपनीचं ऑफर लेटर सही करून पाठवलं, आणि दोन दिवसांनी मॅनेजरने बोलावून सांगितलं, "जाऊ नका, आम्ही पगार वाढवून देतो." तुम्ही विचार केला आणि थांबायचं ठरवलं. थांबणं बरोबर की चूक, यात मी शिरत नाही; तो निर्णय झाला आहे असं धरू. उरतो एक फोन. ज्या रिक्रूटरने गेले कित्येक आठवडे तुमचे इंटरव्ह्यू जुळवले, तुमच्या वतीने पगाराची घासाघीस केली, त्याला हे सांगायचं आहे, आणि उद्या पुन्हा गरज पडली तर त्याने आपला फोन उचलावा असंही वाटतं आहे.

मी नऊ वर्षं एजन्सीत रिक्रूटर होते. असे फोन मला बरेच आले, आणि यायला हवे होते पण आलेच नाहीत असे त्याहून जास्त. ऐन वेळी नकार दिलेल्या काही जणांना मी पुढे आनंदाने नोकरी लावून दिली, आणि काहींचा बायोडेटा पुन्हा उघडलाही नाही. नकार दोघांनीही दिला होता. फरक एवढाच होता की तुमचा फोन ठेवल्यावर मला लगेच दुसरा फोन करावा लागतो, कंपनीला. त्या फोनसाठी काही जण माझ्या हातात काहीतरी देऊन जायचे आणि काही जण मला रिकाम्या हाताने पाठवायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या फोनभोवती फिरतात, म्हणून आधी तो समजून घ्या.

रिक्रूटरचं नेमकं काय जातं

एजन्सीच्या रिक्रूटरला बहुतेक वेळा पैसे मिळतात ते तुम्ही कामावर हजर झाल्यावरच. तुमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा ठरावीक टक्का कंपनी एजन्सीला देते. तुम्ही पहिल्या काही महिन्यांत सोडून गेलात तर ते पैसे परत करावे लागतात किंवा बदली माणूस द्यावा लागतो. म्हणजे तुम्ही थांबलात की त्या जागेवर केलेल्या कामाचे त्याला पैसे मिळत नाहीत. कंपनीच्याच पगारावर असलेल्या रिक्रूटरचं कमिशन जात नाही, पण त्याने त्या टीमला "अमुक तारखेला माणूस येतोय" असा शब्द दिलेला असतो.

पैशापेक्षा जास्त लागतो तो शब्द. कंपनीने त्याला विचारलेलं असतं, "कँडिडेट पक्का आहे ना?" आणि तो हो म्हणालेला असतो.

आणखी एक माणूस या गोष्टीत आहे, जो तुम्हाला दिसत नाही. तुमच्यानंतरच्या क्रमांकावर असलेला कँडिडेट. त्याला सहसा स्पष्ट नकार दिलेला नसतो; "निर्णय व्हायचा आहे" म्हणून थांबवून ठेवलेलं असतं. तो किती दिवस थांबेल याला मर्यादा आहे. तुम्ही गुरुवारी सांगितलंत तर तो अजून हाताशी असतो. पुढच्या बुधवारी सांगितलंत तर त्याने बहुधा दुसरीकडे सही केलेली असते आणि सगळी भरती पहिल्यापासून सुरू करावी लागते. उशिराने संबंध बिघडतात ते यामुळे. तुम्ही अवघडलेपणात घालवलेल्या त्या पाच दिवसांत रिक्रूटरच्या हातातला एकमेव पर्याय निघून गेलेला असतो.

पहिली पायरी: फोनच्या आधी कागद

काउंटर ऑफर लेखी हातात येईपर्यंत नव्या कंपनीला नकार कळवू नका. मॅनेजरच्या केबिनमधला शब्द मनापासून दिलेला असला तरी मंजुरी बऱ्याचदा वरून यायची असते. कागदावर चार गोष्टी हव्यात: नवा पगार, तो कोणत्या तारखेपासून, पद किंवा टीम बदलणार असेल तर तेही, आणि ज्याला अधिकार आहे त्याची सही किंवा त्याच्या खात्यावरून आलेला मेल. शिवाय राजीनामा मागे घेतल्याचं एचआरने मान्य केल्याचं वेगळं उत्तर. हे शेवटचं लोक विसरतात. तुम्ही म्हणता मी थांबलो, पण सिस्टीममध्ये तुमची शेवटची तारीख तशीच उभी असते.

माझा एक कँडिडेट मॅनेजरच्या तोंडी शब्दावर विसंबून ऑफर नाकारून बसला. आठवड्याने पत्र आलं ते बोललेल्यापेक्षा कमी आकड्याचं. तो परत माझ्याकडे आला, पण तोपर्यंत दुसऱ्या माणसाने ती जागा घेतली होती. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग कागद यायला वेळ लागला तर? एक दिवस गप्प राहणं चालतं. त्याहून जास्त लागणार असेल आणि तुमचा निर्णय खरोखर अधांतरी असेल, तर रिक्रूटरला तसं सांगा: "माझ्या कंपनीने काउंटर ऑफर दिली आहे, मी तिचा गंभीरपणे विचार करतेय. उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला नक्की उत्तर देते." हे सांगायला लोक घाबरतात, कारण रिक्रूटर मन वळवायचा प्रयत्न करेल असं वाटतं. करेलच, पण तो लगेच दुसऱ्या कँडिडेटला जपायलाही लागेल, आणि उद्याचा नकार त्याच्यावर आभाळातून कोसळणार नाही. मात्र वेळ दिलीत तर ती पाळा.

दुसरी पायरी: एका प्रश्नाचं उत्तर आधी ठरवा

तुम्ही बोललात की तो विचारणार: "आमच्या क्लायंटने अजून वाढवलं तर?"

याचं उत्तर फोनवर शोधायचं नाही. फोन करण्याआधी स्वतःला विचारा. उत्तर "हो, येईन" असं असेल, तर तुमचा नकार अजून झालेलाच नाही. तुम्ही अजून वाटाघाटीत आहात. मग सरळ तसं बोला, कोणता आकडा हवा ते सांगा, आणि तो मिळाला तर जायची तयारी ठेवा. उत्तर "नाही" असेल तर ते त्याने विचारायच्या आधी, पहिल्या दोन वाक्यांतच सांगा. सगळ्यात जास्त विश्वास मोडतो तो अर्धवट उत्तराने. "बघू, विचारून तर बघा" असं तुम्ही संकोचापोटी म्हणता, रिक्रूटर क्लायंटकडे जाऊन जीव तोडून आकडा वाढवून आणतो, आणि मग तुम्ही नाही म्हणता. आता त्याने कंपनीसमोर दोनदा मान खाली घालायची.

तिसरी पायरी: फोन

नकार फोनवरच द्या. मेसेज करायचा तो फक्त वेळ ठरवण्यासाठी: "ऑफरबद्दल बोलायचं आहे, पाच मिनिटं आहेत का?" कागद हातात आल्याच्या दिवशीच, आणि शक्यतो सकाळी, म्हणजे त्याला त्याच दिवशी कंपनीशी आणि दुसऱ्या कँडिडेटशी बोलता येईल. शुक्रवारी संध्याकाळी सहाला दिलेली बातमी सोमवारपर्यंत पडून राहते. दोनदा फोन लावून उचलला नाही तर वाट बघत बसू नका, तासाभरात मेल टाका आणि "बोलायलाही आवडेल" असं त्यात लिहा.

रिक्रूटरमार्फत गेला असाल तर कंपनीच्या मॅनेजरला त्याच्याआधी कळवू नका. ही बातमी त्याला क्लायंटकडून कळणं हा त्याच्यासाठी सगळ्यात अपमानाचा प्रकार असतो.

बोलायचं काय? माझ्या लक्षात राहिलेला एक फोन इथे तपशिलात सांगते.

ती डेटा ॲनालिस्ट होती. शुक्रवारी तिने ऑफर लेटरवर सही केली, सोमवारी राजीनामा दिला. नव्या ठिकाणी पगार 25 टक्क्यांनी वाढणार होता. बुधवारी दुपारी तिच्या मॅनेजरने काउंटर दिली: 18 टक्के वाढ, आणि गेलं वर्षभर ती ज्या टीममध्ये जायचं म्हणत होती त्या टीममध्ये बदली. गुरुवारी अकराच्या सुमारास पत्र तिच्या मेलमध्ये आलं. बारा वाजायच्या आत तिचा मला फोन.

ती म्हणाली, "मॅडम, मी ऑफर घेत नाहीये, आणि हे मी तुम्हाला सगळ्यात आधी सांगतेय. माझ्या कंपनीने मला ज्या टीममध्ये जायचं होतं तिथे बदली दिली आहे, लेखी दिली आहे, आणि मी ती स्वीकारली आहे. पैसे वाढवून मागण्यासाठी हा फोन नाही, क्लायंटने वाढवले तरी माझा निर्णय हाच राहील. तुमचा खूप वेळ गेला याची मला जाणीव आहे. कंपनीला सांगायला तुम्हाला माझ्याकडून काही लिहून हवं असेल तर अर्ध्या तासात देते."

एवढंच. मिनिटभरसुद्धा झालं नसेल. मला राग आला होता, ते लपवत नाही. पण त्या मिनिटात तिने मला काय काय दिलं ते बघा. निर्णय पहिल्याच वाक्यात होता, त्यामुळे पुढचं मी वेगळ्या आशेने ऐकलं नाही. कारण असं होतं की ते मी क्लायंटला जसंच्या तसं सांगू शकत होते: विशिष्ट टीमचं काम, जे ते देऊच शकत नव्हते. वाटाघाटीचं दार तिने स्वतः बंद केलं, त्यामुळे क्लायंटने "अजून किती हवेत तिला?" असं विचारल्यावर मी ठामपणे नाही म्हणू शकले. दुपारी जेवणाआधी मी क्लायंटला फोन केला, आणि त्याच फोनमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या कँडिडेटचं नाव पुढे केलं. तो अजून मोकळा होता. पुढच्या आठवड्यात त्याने सही केली.

तुमचं कारण फक्त पैसा असेल तर पैसाच सांगा. "पगारातला फरक आता राहिला नाही, आणि इथलं काम मला ओळखीचं आहे" हे पुरेसं आणि प्रतिष्ठेचं कारण आहे. "घरची अडचण आहे", "तब्येतीमुळे आत्ता बदल नको" अशी खोटी कारणं देऊ नका. एकाने मला घरची अडचण सांगितली होती आणि मीही तशीच ती क्लायंटपर्यंत पोचवली. तीन आठवड्यांनी क्लायंटच्या मॅनेजरने त्याचं ऑनलाइन प्रोफाइल पाहिलं. तीच जुनी कंपनी आणि नवं, वरचं पद. त्याने मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं का?" मला माहीत नव्हतं, आणि ते कबूल करणं हेही तेवढंच लाजिरवाणं होतं. त्या मुलाशी मी पुन्हा कधी बोलले नाही.

तो काय म्हणेल आणि तुम्ही काय म्हणाल

आधी थोडी शांतता असेल. ती भरून काढायला बोलत सुटू नका. लांबलचक माफी आणि त्यामागून येणारी चौथी-पाचवी सबब ऐकली की रिक्रूटरला वाटतं, निर्णय अजून डळमळीत आहे, थोडा जोर लावून बघू.

मग तो आकडा विचारेल. सांगावा की नाही ही तुमची मर्जी. मला विचाराल तर ढोबळ सांगितलेलं बरं: "साधारण तुमच्या ऑफरच्या जवळ आले आहेत." नेमका आकडा सांगणं टाळायचं असेल तर "आकडा मी बाहेर सांगणार नाही, पण निर्णय केवळ आकड्यावर नाही" म्हणा. फुगवून मात्र सांगू नका. पुढच्या वेळी तो याच आकड्यापासून तुमचा पगार मोजायला सुरुवात करेल.

तिसरी गोष्ट, तो इशारा देईल. काउंटर घेतलेले लोक सहा महिन्यांत बाहेर पडतात, कंपनी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, वगैरे. सोबत एखादी टक्केवारीही ऐकवेल. मीही ऐकवायचे. त्या आकड्यामागचा अभ्यास मला कधी कोणी दाखवला नव्हता आणि मी मागितलाही नव्हता. पण तो जे म्हणतो ते पूर्ण चूक नसतं. ज्या कारणाने तुम्ही नोकरी शोधायला लागलात ते पगार नसून दुसरंच असेल, तर ते पगारवाढीने जात नाही. म्हणून वाद घालू नका, आकडा खोडूही नका. "तुमचा मुद्दा मी विचारात घेतला आहे, तरीही थांबतेय," एवढं म्हणा. त्याने पुन्हा तेच म्हटलं तर तुम्हीही पुन्हा तेच, त्याच आवाजात.

आणि तो चिडला तर? चिडू द्या. "तुमचा त्रागा मला समजतो" म्हणून फोन संपवा, आणि ठरलेला मेल पाठवा. रात्री आलेल्या तिखट मेसेजला रात्रीच उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचा पारा उतरलेला असतो, कारण तोपर्यंत ते पुढच्या कामाला लागलेले असतात.

चौथी पायरी: पुढे पाठवता येईल असा मेल

फोननंतर त्याच दिवशी मेल जायलाच हवा. तो रिक्रूटरला लिहिलेला असला तरी बहुधा जसाच्या तसा कंपनीकडे पुढे जाणार आहे, हे डोक्यात ठेवून लिहा. म्हणून त्यात काउंटरचा आकडा नको, कोणत्याही कंपनीबद्दल उणं-अधिक नको.

> नमस्कार,
>
> फोनवर बोलल्याप्रमाणे, या पदासाठी दिलेली ऑफर मी स्वीकारू शकत नाही. माझ्या सध्याच्या कंपनीने माझ्या कामाच्या स्वरूपात बदल करून दिला आहे आणि मी इथेच थांबण्याचा निर्णय घेतला आहे. हा निर्णय अंतिम आहे.
>
> इंटरव्ह्यू घेणाऱ्या सर्वांनी मला दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. सही केल्यानंतर निर्णय बदलल्यामुळे तुमची आणि टीमची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहे.
>
> माझ्याबाबत सुरू असलेली पार्श्वभूमी तपासणी कृपया थांबवावी आणि मी नावं दिलेल्या व्यक्तींना आता संपर्क करू नये, ही विनंती.
>
> आपला/आपली

शेवटचा परिच्छेद क्षुल्लक वाटेल, पण तो गाळू नका. तपासणी करणारी संस्था वेगळी असते, तिच्यापर्यंत निरोप उशिरा पोचतो, आणि तुमच्या जुन्या साहेबांना किंवा आत्ताच्याच कंपनीच्या एचआरला दहा दिवसांनी फोन जातो. आता कुठे सगळं शांत झालेलं असताना असा फोन नको. ज्यांची नावं दिली होती त्यांना स्वतःही कळवा.

ऑफरवर सही झाली असेल तर मेल पाठवण्याआधी ते पत्र एकदा शांतपणे वाचा. काही करारांत हजर होण्याआधी माघार घेतली तरी नोटीस द्यावी लागते, काहींत जॉइनिंग बोनस परत करण्याची अट असते. नियम देशागणिक आणि करारागणिक वेगळे असतात, म्हणून तुमच्या हातातला कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं. पैसे किंवा लॅपटॉप आला असेल तर तो कधी आणि कसा परत देणार हे त्याच मेलमध्ये तारखेसह लिहा.

कंपनीच्या मॅनेजरशी तुमचं चांगलं जुळलं होतं आणि दोन ओळी लिहाव्याशा वाटतात, तर रिक्रूटरला आधी विचारा: "तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं की मी आभाराचा मेल पाठवला तर चालेल का?" मला कोणी हे विचारलं की मी मनातल्या मनात त्या माणसाच्या नावापुढे एक चांगली खूण करायचे.

नंतरचे महिने

त्या जागेसाठी खरोखर योग्य असा ओळखीचा माणूस असेल, तर त्याची परवानगी घेऊन नाव सुचवा, आणि लवकर, जागा उघडी आहे तोवर. नसेल तर केवळ भरपाई म्हणून कोणाचंही नाव पुढे करू नका. ते चाळण्यात रिक्रूटरचा आणखी वेळ जातो.

बाकी काही करायचं नाही. पुन्हा पुन्हा माफी नको. तीन-चार महिन्यांनी एखादी ओळ पाठवली तर पुरे. संबंध टिकला की नाही हे त्याच्या वागण्यावरून कळतं: तो तुम्हाला एखाद्या जागेबद्दल विचारतो, किंवा "या कामासाठी कोणी माहीत आहे का" म्हणून फोन करतो. वर्षभर तुमच्या एकाही मेलला उत्तर आलं नाही, तर त्या एजन्सीतल्या दुसऱ्या कोणाशी किंवा दुसऱ्या एजन्सीशी बोला. ज्या कंपनीला नाही म्हटलंत तिथे लगेच पुन्हा नाव घालायचा आग्रह मात्र धरू नका. तिथला मॅनेजर अजून विसरलेला नसतो.

एक गोष्ट मनात धरून ठेवा. रिक्रूटरच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे "काउंटर ऑफर स्वीकारली" अशी नोंद झालेली असते आणि ती पुसली जात नाही. पुढच्या वेळी तुम्ही फोन केलात की तो ती नोंद वाचूनच बोलायला लागतो. त्यामुळे विषय त्याने काढण्याची वाट न बघता तुम्हीच काढा.

त्या डेटा ॲनालिस्टने तसंच केलं. चौदा महिन्यांनी तिचा फोन आला. तिला हवी असलेली टीम मिळाली होती, काम शिकून झालं होतं, आणि त्या टीममध्ये वर जायला जागा नव्हती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "मागच्या वेळी मी थांबले, ते तुमच्या लक्षात असेलच. या वेळी नोकरी शोधायच्या आधीच मी मॅनेजरशी बोलून घेतलंय. वरचं पद पुढची दोन वर्षं तरी नाही, असं त्यांनी मला मेलवर सांगितलंय. तो मेल मी तुम्हाला दाखवू शकते." मी मेल बघितला आणि त्याच दुपारी तिचा बायोडेटा एका क्लायंटकडे पाठवला.